ओटीजीत W1209 लावलाय, P1 कमी केला तरी टेंपरेचर २० डिग्री वरखाली होतंय: कारण आणि उपाय

पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. थ्रीडी प्रिंटरचं फिलामेंट ओलं होतं, प्रिंटमध्ये फटफट आवाज येतो, बारीक तारा सुटतात, मग घरातला जुना छोटा ओटीजी काढून त्यात स्पूल वाळवायचं ठरतं. पण ओटीजीचा नॉब बहुतेक १०० डिग्रीच्या खाली जातच नाही आणि आपल्याला पीईटीजी फिलामेंटसाठी हवे असतात ६५, म्हणून लोक शे-दीडशे रुपयांचा W1209 हा टेंपरेचर कंट्रोलर बोर्ड आणतात, त्याचा रिले हीटरच्या लाईनमध्ये टाकतात, ६५ सेट करतात आणि थोड्या वेळाने आकडा बघतात तर ८२. मग सेटिंगमध्ये शिरून P1 म्हणजे हिस्टेरेसिस, बंद आणि चालू व्हायच्या आकड्यांमधलं अंतर, २ वरून ०.५ करतात, नंतर ०.१, तरी आकडा ८० च्या वर जातोच. मग कोणीतरी सांगतं की ऑन-ऑफ कंट्रोल असाच असतो, पॉवर हिशोबाने कमी-जास्त करणारा पीआयडी कंट्रोलर घे, रिलेऐवजी एसएसआर हा इलेक्ट्रॉनिक स्विच घे.

बहुतेक वेळा पीआयडी लागत नाही. पण ऑन-ऑफने काम भागेल की नाही हे मोजून ठरवता येतं आणि ते आधी मोजावं असं माझं म्हणणं आहे, कारण जी खरी अडचण आहे ती पीआयडी लावून पण अर्धीच सुटते.

एका मित्राच्या ओटीजीची केस घेऊन सांगतो, म्हणजे आकडे समोर राहतील. साधारण १० लिटरचा ओटीजी, ८०० वॉट, वर एक रॉड खाली एक रॉड, प्रत्येकी ४००. W1209 सोबत येतो तोच स्टीलच्या टोपीतला एनटीसी सेन्सर मागच्या भिंतीजवळ वरच्या कोपऱ्यात लटकवलेला. सेट ६५, P1 २.०. हीटिंग मोडमध्ये हा बोर्ड सेट पॉइंटला रिले बंद करतो आणि सेट वजा P1 ला परत चालू करतो, म्हणजे ६५ ला बंद, ६३ ला चालू. कागदावर २ डिग्रीचा खेळ. प्रत्यक्षात डिस्प्लेवर दिसत होतं ६१.५ ते ८२.५.

आता इथे एक गोष्ट शांतपणे बघायची. रिले किती आकड्याला बंद झाला? टिक आवाज येतो, बोर्डवरचा लाईट विझतो, तेव्हा आकडा बरोब्बर ६५.० होता. म्हणजे बोर्डने त्याचं काम वेळेवर केलं. त्यानंतर हीटर बंद असताना आकडा आणखी १७.५ डिग्री चढला. हे जे १७.५ आहेत त्यात P1 चा काहीच हात नाही, कारण P1 फक्त परत चालू कधी करायचं ते ठरवतो, बंद झाल्यावर किती वर जाईल ते नाही. म्हणून P1 ०.१ केला तरी वरचं टोक ८२ च्या आसपासच राहणार, फक्त खालचं टोक थोडं वर येणार.

मग हे १७.५ डिग्री कुठून येतात? दोन गोष्टी उशीर करतात. एक म्हणजे रॉड स्वतः, वीज बंद झाली तरी तो तापलेला असतो आणि त्यातली उष्णता पुढचा बराच वेळ आत सोडत राहतो. दुसरा आणि जास्त मोठा गुन्हेगार म्हणजे सेन्सर. त्या स्टीलच्या टोपीत एनटीसीचा छोटा मणी असतो, आजूबाजूला रेझिन भरलेलं असतं, आणि स्थिर हवेत ती टोपी गरम व्हायला वेळ घेते, मिनिटभर सहज. पाण्यात बुडवली तर पटकन आकडा बदलतो, म्हणून लोकांना वाटतं सेन्सर फास्ट आहे, पण हवेत तसं होत नाही. या ओटीजीत शेजारी बारीक तारेचं उघडं के टाइप थर्मोकपल लावून बघितलं तर डिस्प्ले ६५ दाखवत होता तेव्हा हवा ८४ ला होती, आणि पुढे ९५ पर्यंत गेली. पीईटीजीचा ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे प्लास्टिक मऊ पडायला लागतं ते टेंपरेचर, साधारण ८० ला असतो, तेव्हा स्पूलचे बाहेरचे वेढे एकमेकांना चिकटायला एवढं पुरे आहे. पीएलए असतं, ज्याचा ६० च्या आसपास असतो आणि जो ४५-५० ला वाळवायचा असतो, तर सगळं स्पूल गेलं असतं.

म्हणजे डिस्प्लेवर जे दिसतं ते खऱ्या हवेपेक्षा सौम्य असतं. स्लो सेन्सर नुसता उशीर करत नाही, तो टोकं लपवतो पण. त्यामुळे कुठलाही बदल करायच्या आधी एक दुसरा फास्ट सेन्सर स्पूलच्या उंचीवर लावा, मल्टिमीटरसोबत येणारं साधं थर्मोकपल चालेल.

आता हिशोब. किती वरखाली होणार याचा एक कामापुरता अंदाज असा निघतो:

```
खेळ = P1 + (चढण्याचा वेग × उशीर) + (उतरण्याचा वेग × उशीर)
```

वेग सेकंदाला किती डिग्री तो घ्यायचा, सेट पॉइंटच्या आसपासचा. मोबाईलचा स्टॉपवॉच आणि डिस्प्ले एवढ्यावर तो मिळतो. उशीर मोजायचा असा: रिले बंद झाला तेव्हा जो आकडा होता त्याच्यापेक्षा किती वर गेला ते बघा आणि चढण्याच्या वेगाने भागा. या केसमध्ये चढण्याचा वेग ०.५ डिग्री प्रति सेकंद, वर गेला १७.५, म्हणजे उशीर ३५ सेकंद. उतरण्याचा वेग ०.०४५ च्या आसपास, कारण ६५ ला असलेला ओटीजी ३० च्या खोलीत तशी फार उष्णता घालवत नाही. मांडलं तर २ + १७.५ + १.६, म्हणजे २१ डिग्री. डिस्प्लेवर ६१.५ ते ८२.५ दिसत होतं, जुळतंय.

यात बघा, २१ पैकी P1 चे फक्त २ आहेत. ते शून्य केले तरी १९ राहतात. आणि १९ पैकी १७.५ एकाच ठिकाणून येतात, चढण्याच्या वेगातून. चढण आणि उतरण यात दहापटीपेक्षा जास्त फरक आहे आणि याचा सरळ अर्थ असा की हीटर या कामासाठी प्रचंड मोठा आहे. ६५ डिग्री टिकवायला या ओटीजीला सरासरी ६०-७० वॉट लागतात. रिले किती वेळ चालू किती वेळ बंद ते मोजलं तरी कळतं, ४५ सेकंद चालू आणि साधारण आठ मिनिटं बंद असा त्याचा फेरा होता, ८०० वॉटला ४५ सेकंद ५२० सेकंदांवर पसरवले की ६९ वॉट येतात. ज्या कामाला ७० वॉट लागतात तिथे ८०० वॉटचा हीटर लावलाय, कारण तो २०० डिग्रीला नानकटाई भाजायला बनवलाय. २०० डिग्रीला हाच हीटर बऱ्यापैकी मापात असतो, ६५ ला नाही.

म्हणून पहिला उपाय कंट्रोलरमध्ये नाही, हीटरमध्ये आहे. पॉवर कमी करा. सगळ्यात सोपं म्हणजे ओटीजीचा सिलेक्टर फक्त खालच्या रॉडवर ठेवा, झाले ४०० वॉट. वायरिंग कळत असेल तर दोन्ही रॉड सिरीजमध्ये जोडता येतात, मग प्रत्येक रॉडला अर्धा व्होल्टेज मिळतो, प्रत्येकी १०० वॉट, एकूण २०० वॉट, आणि रॉड लाल होत नाही, मंद तापतो, त्यामुळे वीज बंद झाल्यावर त्याच्यात उरलेली उष्णता पण कमी असते.

पण सिरीज करायच्या आधी प्लग काढून मल्टिमीटरने रॉड मोजा, एक टोक सोडवून. २३० व्होल्टला ४०० वॉटचा रॉड साधारण १३२ ओहम दाखवतो. काही ओटीजीत दोन रॉड आधीपासूनच सिरीजमध्ये असतात, तिथे ८०० वॉटसाठी प्रत्येक रॉड ३३ ओहमच्या आसपास येईल. असा रॉड एकटा २३० वर लावला तर तो जळणार, तेव्हा तिथे हात लावू नका. आणि आतली वायर बदलायची तर फायबरग्लासच्या स्लीव्हची हीट रेझिस्टंट वायर घ्या, साधी पीव्हीसी वायर ओटीजीच्या आत नको, आणि बॉडीचं अर्थिंग होतं तसंच राहू द्या.

२०० वॉटला काय होतं? ७० वॉट तर बाहेरच जातात, उरले १३० च्या आसपास, म्हणून चढण्याचा वेग ०.५ वरून ०.०९ वर येतो. पॉवर चौपट कमी केली पण चढ साडेपाचपट कमी झाला, कारण बाहेर जाणारी उष्णता तेवढीच राहते. उशीर ३५ सेकंदच धरला तरी खेळ होतो २ + ३.२ + १.६, म्हणजे पावणेसातच्या आसपास. कंट्रोलर तोच, सेटिंग तेच, २१ चे पावणेसात झाले. गरम व्हायला वेळ जास्त लागतो हे खरं आहे, स्पूल आत असेल तर वीस-पंचवीस मिनिटं धरा, पण पीईटीजी पुढे चार ते सहा तास वाळवायचंच असतं तिथे या मिनिटांनी काही बिघडत नाही.

दुसरा उपाय उशीर कमी करायचा. सेन्सर कोपऱ्यातून काढा, स्पूलच्या उंचीवर आणा, भिंतीला किंवा जाळीला टेकू देऊ नका नाहीतर तो हवेऐवजी पत्र्याचं टेंपरेचर सांगतो. रॉड आणि स्पूल यांच्यामध्ये एक ॲल्युमिनियमचा ट्रे आडवा ठेवा, चारी बाजूंनी बोटभर फट सोडून, म्हणजे रॉडची थेट धग स्पूलवर आणि सेन्सरवर पडणार नाही. हे नसेल तर हवा ६५ दाखवत असताना स्पूलची खालची बाजू त्यापेक्षा खूप गरम असू शकते आणि ते कुठल्याच कंट्रोलरला दिसत नाही.

आणि मग पंखा. आत हवा फिरली की स्टीलच्या टोपीपर्यंत उष्णता लवकर पोचते, सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. कॉम्प्युटरवाले १२ व्होल्टचे पंखे बहुतेक ७० डिग्रीपर्यंतचेच असतात, त्यामुळे ६५ च्या ओव्हनमध्ये ते जेमतेम चालतात, खालच्या कोपऱ्यात रॉडपासून लांब ठेवा किंवा बाहेरून भोक पाडून हवा ढकला. नाहीतरी वाळवायचं म्हटल्यावर ओली हवा बाहेर जायला वाट लागतेच, दरवाजा पाच मिलिमीटर उघडा राहील अशी लाकडाची चीप लावली तरी काम होतं.

मोकळा सेन्सर आणि फिरती हवा मिळाल्यावर या ओटीजीत उशीर ३५ वरून १२ सेकंदांवर आला. आता P1 १ ठेवला तर हिशोब असा: १ + १.१ + ०.५, म्हणजे २.६ डिग्री. फास्ट थर्मोकपलवर थोडा जास्त दिसतो, साडेतीनच्या आसपास, पण तेवढा चालतो. पीईटीजीला ६५ अधिक-वजा दोन म्हणजे भरपूर झालं. पीआयडी नाही, एसएसआर नाही, तोच बोर्ड.

इथे आलं की मग हिस्टेरेसिसचं खरं काम सुरू होतं, आणि इथेच दुसरी तक्रार येते: रिले टकटक करतो. आधी सगळं इतकं सुस्त होतं की P1 ०.१ असला तरी रिले आठ मिनिटांतून एकदाच हलायचा. आता सिस्टीम चपळ झाली, सेन्सर फास्ट झाला, तेव्हा P1 ०.१ ठेवाल तर आकड्यातली बारीक थरथर पण रिलेपर्यंत पोचते. बऱ्याचदा या थरथरीचं कारण १२ व्होल्टचा हलका ॲडॉप्टर असतं, रिलेची कॉइल ओढली की व्होल्टेज बसतो आणि आकडा दशांशात हलतो, तो हलला की रिले सुटतो, सुटला की परत आकडा जागेवर येतो आणि रिले परत ओढतो. ओळखायचं कसं? हीटरचा प्लग काढून ठेवा, नुसता बोर्ड चालू ठेवा, सेट पॉइंट तेवढ्यापुरता ३३ च्या आसपास आणा, सेन्सर मुठीत धरून तिथपर्यंत न्या आणि टिक आवाजाच्या क्षणी आकडा बघा. हीटर नसताना पण रिले वाजला तसा आकडा उडी मारत असेल तर दोष सप्लायचा आहे, ओव्हनचा नाही, चांगला एक अँपियरचा ॲडॉप्टर लावा.

P1 किती ठेवायचा याचा माझा नियम साधा आहे, आकड्याच्या थरथरीच्या तीन-चार पट, आणि त्यापेक्षा कमी करून जे मिळतं ते मोजून बघा. वरच्या हिशोबात P1 १ वरून ०.१ केला तर खेळ २.६ वरून १.७ होतो, म्हणजे एक डिग्रीपण वाचत नाही, आणि फेरा दीड मिनिटावरून एक मिनिटावर येतो. या छोट्या रिलेंचं विजेच्या पूर्ण लोडवरचं आयुष्य साधारण १ लाख वेळा असं डेटाशीटमध्ये दिलेलं असतं. दीड मिनिटाच्या फेऱ्याने सहा तासांत २४० वेळा, म्हणजे चारशेच्या वर वाळवण्या निघतील. तोच रिले दर दोन सेकंदाला टकटक करत राहिला तर लाखाचा आकडा अडीच दिवसांत संपतो. P5 मधल्या डिले सेटिंगला मात्र हात लावू नका, तो मिनिटांत असतो आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी आहे, हीटरला लावला तर नुसता नवा उशीर वाढतो.

ज्यांनी W1209 ऐवजी आर्डुइनो आणि MAX6675 ही थर्मोकपल वाचणारी चिप घेतलीय त्यांच्याकडे हीच गोष्ट कोडमध्ये चुकते. `if (t < 65) on; else off;` असं लिहिलं की हिस्टेरेसिस नाहीच. दोन थ्रेशोल्ड हवेत आणि दोघांच्या मध्ये असताना काहीही करायचं नाही, जे चालू आहे ते चालू राहू द्यायचं:

```
float t = tc.readCelsius();
if (isnan(t) || t > 85)            heat = false;
else if (t >= 65)                  heat = false;
else if (t <= 64 && offFor(20000)) heat = true;
digitalWrite(RELAY, heat ? HIGH : LOW);
delay(500);
```

इथे `offFor(20000)` म्हणजे रिले बंद होऊन २० सेकंद झालेत का ते `millis()` ने तपासणारं तुमचं फंक्शन. रिले मॉड्यूल लो ट्रिगरचं असेल तर HIGH-LOW उलटे करा. पण यातली `isnan` ची ओळ विसरू नका. थर्मोकपल सुटलं की लायब्ररी आकड्याऐवजी NAN, म्हणजे आकडाच नाही, असं देते आणि NAN ची कुठल्याही आकड्याशी तुलना खोटीच येते. नुसते दोन थ्रेशोल्ड लिहिले असतील तर `t >= 65` पण खोटं, `t <= 64` पण खोटं, म्हणजे कोड म्हणणार की आपण मधल्या पट्ट्यात आहोत, काही करायचं नाही, आणि हीटर त्या वेळी चालू असेल तर तो चालूच राहणार. साध्या if-else मध्ये हा धोका नव्हता, तो तुलना खोटी आली की बंद करायचा, हिस्टेरेसिसमुळे हा धोका आत येतो. तसंच कमीत कमी वेळेची अट फक्त चालू करायला लावा, बंद करायला कधीच नाही. आणि MAX6675 ला एक कन्व्हर्जन करायला ०.२२ सेकंदांपर्यंत लागतात, त्याच्या आत परत परत वाचलं तर चालू कन्व्हर्जन थांबतं आणि आकडा एकाच जागी गोठतो, म्हणून delay ५०० ठेवलाय. आकडा बराच वेळ अजिबात हलत नसेल तर आधी हे बघा.

आता पीआयडी कधी लागतो. वरचा हिशोब करा, पॉवर कमी करून, सेन्सर हलवून, पंखा लावून जो खेळ उरतो तो तुमच्या कामाला चालत असेल तर ऑन-ऑफ पुरे. आणि चालतो का हे ठरवताना हवेचा नाही, आतल्या वस्तूचा विचार करा. एक किलोचं स्पूल आतपर्यंत तापायला तासभर घेतं, त्याला दीड मिनिटाच्या फेऱ्यातले दोन-तीन डिग्री जाणवत नाहीत, ते सरासरीवर बसतं. जाड लोखंडी ब्रॅकेटवर पावडर कोटिंग करताना पण तेच, २०० डिग्रीला हवा सात-आठ डिग्री हलली तरी ब्रॅकेट फार कमी हलतो. सिलिका जेल वाळवायला तर कोणी पीआयडीचा विचारच करू नये, ११०-१२० मध्ये कुठेही असलं तरी ते वाळतं (W1209 मात्र ११० पर्यंतच जातो, तिथे दुसरा कंट्रोलर घ्या).

उलट रिफ्लो सोल्डरिंगला ऑन-ऑफ पुरत नाही. तिथे सेट पॉइंट एका जागी नसतोच, ठरलेल्या वेगाने चढायचं, मध्ये थांबायचं, लेड-फ्रीला २४० च्या आसपास टोक गाठून लगेच उतरायचं, आणि तिथे पॉवर कमी करायचा पर्याय नसतो कारण चढायलाच पूर्ण पॉवर लागते. पातळ पीसीबी हवेसोबत लगेच तापतो, त्याच्यात सरासरी काढायला वजनच नाही. तिथे पीआयडी हवा, किंवा निदान चढतानाचा वेग बघून आधीच पॉवर तोडणारा कोड हवा. ज्याला अधिक-वजा अर्ध्या डिग्रीत राहायचंय, किंवा ज्याच्या आत कधी रिकामं कधी पाच किलो अशी वस्तू बदलते आणि दर वेळी पटकन पोचायचंय, त्यानेही पीआयडी घ्यावा.

पण पीआयडी घेतला तरी सेन्सरचा उशीर जात नाही. कोपऱ्यातला स्लो सेन्सर तसाच ठेवून ८०० वॉटवर पीआयडी लावला तर त्याला ७० वॉट सरासरी द्यायला ९ टक्के ड्युटीवर चालावं लागतं, ट्यूनिंग नाजूक होतं आणि डिस्प्ले ६५ वर स्थिर दिसला तरी स्पूलजवळ काय चाललंय ते कळत नाहीच. शिवाय पीआयडी रिलेवर चालवला आणि विंडो १० सेकंदांची ठेवली तर सहा तासांत २१६० फेरे होतात, ऑन-ऑफच्या नऊपट, म्हणून एसएसआर लागतो, आणि स्वस्त एसएसआर जळतो तेव्हा बहुतेक शॉर्ट होऊन जळतो, म्हणजे हीटर कायमचा चालू.

तसं रिलेचं पण होतं, कॉन्टॅक्ट चिकटतात. सेन्सर स्पूलवरून घसरून दरवाजाबाहेर आला तरी तोच प्रकार, बोर्डला खोलीचे ३० डिग्री दिसतात आणि तो हीटर बंद करतच नाही. त्यामुळे ऑन-ऑफ असो की पीआयडी, हीटरच्या लाईनमध्ये कंट्रोलरशी काहीही संबंध नसलेलं दुसरं कटऑफ हवंच. मी KSD301 हा ९० डिग्रीचा, नॉर्मली क्लोज्ड थर्मल स्विच आतल्या वरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवतो आणि त्याच्या सिरीजमध्ये ११०-१२० चा थर्मल फ्यूज. फ्यूजला सोल्डर करू नका, सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडतो, क्रिंप करा किंवा सिरॅमिक कनेक्टर वापरा. बसवून झालं की एकदा स्पूल न ठेवता सेन्सर मुद्दाम बाहेर काढून ओव्हन चालू करा, थर्मोकपल आत ठेवा आणि KSD301 कुठे तोडतो ते समोर बसून बघा. पत्र्यावर बसलेला असल्याने तो ९० ला तोडेल तेव्हा हवा त्यापेक्षा वर असेल, किती वर ते लिहून ठेवा, फार जास्त असेल तर ७५ चा आणून लावा आणि परत तसंच बघा.